आजोबांचा पारा आणि सुनेचा डिजिटल: गोष्टीतला ताप खरा वाटावा म्हणून

प्रश्न: मी एक लघुकथा लिहितेय. आजोबांचा त्यांच्या जुन्या पाऱ्याच्या थर्मामीटरवरच विश्वास आहे, सुनेने नवा डिजिटल आणलाय. एका रात्री सात वर्षांच्या नातवाला ताप येतो आणि दोन्ही थर्मामीटर वेगवेगळे आकडे दाखवतात. असा फरक खरंच पडतो का? कोण बरोबर ठरेल? आणि एखाद्या डॉक्टर किंवा नर्सने कथा वाचली तर तिला खटकू नये, यासाठी काय काय माहीत हवं?

उत्तर:

फरक पडतो, आणि तुमच्या गोष्टीला पुरेल एवढा पडतो. काखेत ताप पाहिला तर दोन थर्मामीटरमध्ये एक अंश फॅरनहाइटचं अंतर सहज दिसू शकतं, तेही दोन्ही थर्मामीटर अगदी ठणठणीत असताना. म्हणून "कोण बरोबर" या प्रश्नाचं उत्तर थर्मामीटरमध्ये शोधायच्या आधी काखेत शोधा. तिथे तुमची कथा आहे.

आपल्याला वाटतं की पाऱ्याला गरम व्हायला वेळ लागतो, म्हणून आजोबा पाच मिनिटं थांबतात. प्रत्यक्षात पारा आळशी नाही. कोमट पाण्यात बुडवून ढवळलं तर काचेचा थर्मामीटर अर्ध्या मिनिटाच्या आतच आपल्या आकड्यावर पोचतो. वेळ लागतो तो काखेला. हात अंगापासून दूर असतो तेव्हा काखेची कातडी हवेने गार झालेली असते. हात दाबून बंद केल्यावर आतल्या रक्ताच्या उबेने ती कातडी हळूहळू तापते आणि शरीराच्या खऱ्या तापमानाच्या जवळ येते. याला पाच मिनिटं लागतात, बारीक मुलाला किंवा पंख्याखाली उघडं झोपलेल्याला आणखी एखाद-दोन मिनिटं.

आता डिजिटलचं पाहा. त्याच्या धातूच्या टोकात थर्मिस्टर नावाचा बारीकसा घटक असतो. तापमान वाढलं की त्याचा विद्युत रोध कमी होतो, आणि आतली चिप त्यावरून आकडा काढते. आकडा वर चढत असतो तोवर पडद्यावरची °F ही खूण लुकलुकत राहते. चढण्याचा वेग अगदी मंदावला, म्हणजे काही सेकंदांत आकडा हललाच नाही असं चिपला दिसलं, की बीप वाजते. तोंडात जीभेखाली हे ठीक जमतं, कारण ती जागा बंद आणि आधीच उबदार असते. काखेत मात्र कातडी इतकी सावकाश तापते, की चिपला वाटतं चढ संपली. एका मिनिटात बीप वाजते, माणूस थर्मामीटर काढतो, आणि काख अजून तापतच असते. बऱ्याच डिजिटल थर्मामीटरच्या सोबतच्या कागदावर बारीक अक्षरांत लिहिलेलंही असतं की काखेत लावल्यास बीपनंतरही ठेवून द्यावा. तो कागद खोक्यात घडीचा घडी राहतो.

म्हणजे तुमच्या सुनेने चूक केलेली नाही, ती बीप ऐकून थांबली. आजोबांनीही काही चमत्कार केलेला नाही, ते भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत पाच मिनिटं बसले. रात्री साडेनऊला सून डिजिटल लावते, बीप वाजते, आकडा ९९.४. आजोबा म्हणतात, "अंग तर भाजतंय, माझा लावू दे." ते काचेचा लावतात, नातवाचा हात स्वतःच्या हाताने त्याच्या छातीशी धरून ठेवतात, आणि पाच मिनिटांनी आकडा येतो १००.६. इथे एक बारकावा आहे तो निसटू देऊ नका. आजोबांची पाळी दुसरी होती. त्यांनी लावला तेव्हा सुनेच्या मोजमापाने ती काख आधीच मिनिटभर बंद राहून थोडी तापलेली होती. क्रम उलटा केलात, आधी आजोबा आणि लगेच त्याच काखेत सून, तर डिजिटलही १००.३ किंवा १००.४ दाखवेल आणि तुमचं भांडणच उभं राहणार नाही.

आकड्यांबद्दल एक गोष्ट, जी जाणत्या वाचकाला लगेच कळते. आपल्याकडच्या फॅरनहाइटच्या काचेच्या थर्मामीटरवर साधारण ९४ ते १०८ पर्यंत खुणा असतात आणि प्रत्येक अंशाचे पाच भाग केलेले असतात. म्हणजे एक बारीक रेघ ०.२ ची. आजोबांच्या तोंडी १००.४, १००.६, १००.८ असेच आकडे शोभतात. "शंभर पॉइंट सात" असं ते म्हणाले, तर ते दोन रेघांच्या मधलं अंदाजाने सांगताहेत. डिजिटल दर ०.१ ला बदलतो, त्यामुळे ९९.३ किंवा ९९.७ हे आकडे सुनेचे. ९८.६ ला बहुतेक थर्मामीटरवर लाल बाण असतो. पारा बाणाच्या वर गेला की ताप, हे जुन्या पिढीचं साधं गणित होतं. आकडा न वाचताही "बाणाच्या पाच रेघा वर" असं आजोबा म्हणू शकतात, आणि ते ९९.६ होईल.

पारा कसा वाचला जातो तेही नीट लिहा. नळीतला पाऱ्याचा धागा केसासारखा बारीक असतो. तो दिसावा म्हणून काचेची कांडी गोल न ठेवता तिकोनी घडवलेली असते, तिची एक कड भिंगासारखं काम करते. त्यामुळे धागा सगळीकडून दिसत नाही. कांडी आडवी, डोळ्यांच्या पातळीला धरायची, उजेडाकडे तोंड करायचं आणि दोन बोटांत हळूहळू फिरवायची. एका ठरावीक कोनात रुपेरी पट्टी एकदम रुंद होऊन समोर येते, जरा सरकली की गायब. मोतीबिंदू होऊ लागलेल्या माणसाला हा कोन सापडायला वेळ लागतो. ट्यूबलाइटखाली उभं राहून, मान मागे घेऊन, कांडी थोडी पुढे थोडी मागे करत राहणारे आजोबा लिहिलेत तर त्यांच्या वयाबद्दल वेगळं वाक्य लिहावं लागणार नाही.

आता सगळ्यात जास्त वेळा होणारी चूक. कथांमध्ये "थर्मामीटर काखेतून काढताच पारा खाली उतरला" असं वाक्य येतं. तापाच्या थर्मामीटरमध्ये असं होत नाही. पाऱ्याच्या फुग्याच्या अगदी वर नळीला एक चिमटा असतो, तिथे ती अतिशय अरुंद केलेली असते. गरम होताना फुगलेला पारा त्या चिमट्यातून जोराने वर ढकलला जातो. गार होताना मात्र धागा चिमट्यापाशी तुटतो आणि वरचा भाग जिथल्या तिथे थांबतो. म्हणून तर काढल्यानंतर निवांत वाचता येतं. खाली आणायचा तर झटकावाच लागतो. काढल्याबरोबर पारा आपोआप घसरत असेल तर त्या थर्मामीटरचा चिमटा बिघडलेला आहे, तो कामाचा नाही. हा दोषही खरा आहे, पण तो मुद्दाम वापरायचा असेल तरच वापरा.

या चिमट्यामुळे एक मोठी गोष्ट घडते आणि तुमच्या कथेचा कणा त्यावर उभा राहू शकतो. पाऱ्याच्या थर्मामीटरची चूक बहुतेक वेळा वरच्या बाजूला होते. कालचा पारा उतरवला नसेल तर तो कालचाच ताप दाखवत राहील. आज मुलाचं अंग त्याहून गार असलं तरी पारा स्वतःहून खाली येणार नाही. डिजिटलची चूक मात्र बहुतेक वेळा खालच्या बाजूला होते: लवकर काढला, टोक काखेच्या खळग्याऐवजी मागे बनियनमध्ये गेलं, घामाने ओली काख पुसली नाही, मुलाने हात सैल सोडला. एकाचा दोष जास्त ताप दाखवण्यात, दुसऱ्याचा कमी. दोन्ही दोष एकाच रात्री एकत्र आले तर अंतर दोन अंशांपर्यंतही जाईल, आणि तेव्हा घरातलं कुणीच खोटं बोलत नसेल.

आजोबा चुकावेत असं तुम्हाला वाटत असेल तर त्यांना विसराळू करू नका. त्याहून खरं कारण आहे, मनगट. पारा झटकायची एक पद्धत असते. कांडीचं वरचं टोक अंगठा आणि दोन बोटांत घट्ट धरायचं, फुग्याचं टोक बाहेरच्या बाजूला, आणि मनगटाला एकदम हिसका द्यायचा. हात हलवून उपयोग नाही, हिसका मनगटातून यायला हवा. धडधाकट माणसाच्या चार-पाच हिसक्यांत पारा ९६ च्या खाली येतो. काही थर्मामीटरचा चिमटा मुळातच जरा जास्त अरुंद असतो, त्यांना आठ-दहा हिसके लागतात. आजोबांनी तीस वर्षं ज्या हिसक्याने पारा ९५ ला आणला, तोच हिसका पंचाहत्तरीत संधिवाताच्या मनगटाने दिला की पारा १००.२ वर अडतो. ते नेहमीप्रमाणे चार वेळा झटकतात, सवयीने गृहीत धरतात की उतरला, आणि लावतात. मुलाच्या काखेत खरं तापमान ९९.२ असतं. पाच मिनिटांनी ते वाचतात १००.२. थर्मामीटर चोख आहे, पद्धत बरोबर आहे, वेळ बरोबर आहे. फक्त हिसक्यात पूर्वीचा जोर राहिलेला नाही. हे वाचकाला कळावं यासाठी लावायच्या आधी पारा कुठे होता, ते सुनेच्या किंवा नातवाच्या नजरेला एकदा पडू द्या. झटकून झाल्यावर वाचून बघणं ही पद्धतीतली पायरीच आहे, आणि आजोबांनी ती त्या रात्री गाळलेली असेल.

हा एक अंश नुसता मानाचा प्रश्न राहू नये असं वाटत असेल तर औषधाची वेळ त्याला जोडा. सात वर्षांचा वीस किलोचा मुलगा धरू. पॅरासिटामॉलचा नेहमीचा हिशोब किलोमागे १५ मिलिग्रॅम, म्हणजे ३०० मिलिग्रॅम. पाच मिलिलिटरमध्ये २५० मिलिग्रॅम असलेलं सिरप घरात असेल तर सहा मिलिलिटर. दोन डोसांमध्ये चार ते सहा तासांचं अंतर ठेवायचं असतं. दुपारी चारला ताप १०२.४ होता, तेव्हा आजोबांनीच पाहिला होता. डॉक्टरांशी फोनवर बोलून संध्याकाळी सातला डोस दिला. साडेनऊला पारा नीट न उतरवता लावला तर तो १०२.४ च दाखवेल, आणि आजोबा म्हणतील की औषध लागूच पडलं नाही, पुन्हा द्या. इकडे मुलाच्या कपाळावर घाम सुटलाय, उशीचा अभ्रा ओला आहे, पाय गरम आहेत, तो पाणी मागतोय. उतरणाऱ्या तापाची ही खूण आहे. चढत्या तापात उलट होतं, हात-पाय गार पडतात, हुडहुडी भरते, मूल पांघरूण ओढून घेतं. आकडा आणि अंग यांचा मेळ बसत नाही, हे सुनेला आईपणाने कळतं आणि ती बाटली हातात घट्ट धरून ठेवते. इथे ती "डिजिटलवर बघा" असं म्हणण्यापेक्षा "बाबा, एकदा परत झटकून लावा ना" असं म्हणाली तर भांडण न होता गोष्ट पुढे जाईल. आणखी एक, २५० आणि १२० किंवा १२५ मिलिग्रॅम अशी दोन ताकदींची सिरपं बाजारात असतात, त्यामुळे कथेत मिलिलिटर लिहिलेत तर ताकदही लिहा.

डिजिटलचे बाकीचे दोष थोडक्यात. चालू केल्यावर आधी सगळे आकडे दिसतात, मग बऱ्याच मॉडेलमध्ये मागच्या वेळचा ताप क्षणभर झळकतो. घाईत तोच आजचा समजला जातो, आणि आजोबांना बोट दाखवायला हे छान निमित्त आहे. त्यानंतर Lo असं येतं, म्हणजे टोक अजून मोजण्याइतकं गरम झालेलं नाही. तो बिघाड नाही. आत LR41 चा बटन सेल असतो. तो संपत आला की पडद्यावर सेलची खूण येते आणि अक्षरं फिकी पडतात. बटण दाबून धरल्यावर काही थर्मामीटर अंश सेल्सिअसवर जातात आणि पडद्यावर ३८.१ येतं. आजोबा हे पाहून "अडतीस?" म्हणतील. ते १००.६ आहे.

मग निवाडा कसा करायचा? याला घरच्या घरी करता येणारी एक तपासणी आहे, आणि ती कथेत चांगली रंगेल, कारण ती दोघांना एकाच ओट्याशी आणते. एका मोठ्या स्टीलच्या पातेल्यात नळाचं ८०० मिलिलिटर पाणी घ्यायचं. त्यात उकळतं पाणी थोडं थोडं घालत ढवळायचं. नळाचं पाणी २७ अंश सेल्सिअसच्या आसपास असेल तर उकळतं पाणी १७० मिलिलिटरच्या आत-बाहेर लागतं, म्हणजे साधारण एक मोठी वाटी. मिश्रण १०३ फॅरनहाइटच्या जवळ येतं. हाताला ते जेमतेम कोमट लागतं. लहान बाळाच्या अंघोळीच्या पाण्याहून थोडं ऊन, एवढंच.

इथे सर्वांत महत्त्वाची काळजी आहे. काचेच्या थर्मामीटरला वर जायला जागाच नसते. १०८ च्या थोडं पुढे नळी संपते. पाणी त्याहून गरम असलं तर फुगणाऱ्या पाऱ्याला वाट उरत नाही आणि फुगा फुटतो. म्हणून आजोबांचा थर्मामीटर पाण्यात जायच्या आधी पाणी डिजिटलने पाहायचं. डिजिटलला जास्त गरम पाणी लागलं तर तो नुसता Hi दाखवतो, बिघडत नाही. तर आजोबांना आपला पारा वाचवण्यासाठी आधी सुनेच्या डिजिटलवर भरवसा ठेवावा लागतो. हे काही मी कथेसाठी रचलेलं नाही, तपासणीची पायरीच अशी आहे. याच कारणाने काचेचा थर्मामीटर कधीही उकळत्या किंवा नळाच्या गिझरच्या पाण्याने धुवायचा नसतो. साधं पाणी आणि साबण, किंवा स्पिरिटचा बोळा. घरातल्या कुणी तरी "निर्जंतुक" करण्यासाठी गरम पाण्यात टाकला आणि फुटला, ही त्याच्या मरणाची नेहमीची वाट.

पाणी १०४ च्या खाली आहे याची खात्री झाली की पारा ९६ च्या खाली झटकायचा, दोन्ही थर्मामीटर एका मुठीत धरायचे, टोकं एकाच पातळीला, पाण्यात दोन-तीन सेंटिमीटर, आणि दुसऱ्या हाताने चमच्याने ढवळत राहायचं. डिजिटलचा पडदा पाण्यात जाऊ द्यायचा नाही. टोकं पातेल्याच्या तळाला टेकवायची नाहीत. बीप वाजली तरी पूर्ण मिनिटभर थांबायचं आणि दोन्ही एकदम काढायचे. या वेळात पाणी थोडं निवतं, पण फरक पडत नाही, कारण दोघंही गाठलेला सर्वांत वरचा आकडाच धरून ठेवतात.

आता काय दिसेल? चांगल्या स्थितीतल्या दोन्हींची सूट प्रत्येकी सुमारे ०.२ अंश असते, म्हणून ०.४ पर्यंतचं अंतर हे भांडणाचं कारण नाही. आजोबांचा जुना असेल तर तो किंचित जास्त दाखवेल, आणि याचं कारण पाऱ्यात नसून काचेत आहे. वितळवून घडवलेली काच वर्षानुवर्षं अगदी सूक्ष्म आकसत राहते. फुग्याची जागा रेसभर कमी होते आणि तेवढाच पारा वर सरकतो. चांगले कारखाने काच आधी मुरवून घेतात, त्यामुळे पुढे होणारा बदल फार थोडा असतो, पण दिशा नेहमी वरचीच. समजा पाण्यात काच १०२.८ दाखवते आणि डिजिटल १०२.६. काखेत अंतर १.२ होतं, इथे ०.२ उरलं. बाकीचा एक अंश थर्मामीटरचा नव्हता, मिनिटांचा होता. मग नातवाच्या त्याच काखेत डिजिटल पाच मिनिटं बीपकडे दुर्लक्ष करून ठेवला, की तोही १००.४ म्हणतो. यात एक सांभाळा. बीपनंतर आकडा पुढे चढत राहणारी मॉडेल असतात, तशी बीपला गोठून जाणारीही असतात. गोठणाऱ्यासाठी आधी काख पाच मिनिटं मिटून ठेवायची, आणि मग आत टोक सरकवून थर्मामीटर चालू करायचा.

पाण्यातही अंतर एक अंशाचं निघालं तर मात्र दोघांतला एक आजारी आहे. काचेचा असेल तर उजेडात धागा नीट बघायचा. मध्ये बारीक फट पडून धाग्याचे दोन तुकडे झाले असतील तर फटीएवढा आकडा जास्त दिसतो. जोराने झटकल्यावर तुकडे पुन्हा जुळतात. न जुळल्यास तो थर्मामीटर थांबवायचा. धागा अखंड असेल तर डिजिटलचा सेल बदलून पुन्हा पाहायचं, आणि तरी जमलं नाही तर तिसऱ्या थर्मामीटरची साक्ष घ्यायची. दोनांवरून निवाडा होत नाही.

थर्मामीटर फुटण्याचा प्रसंग लिहिणार असाल तर तो झटकतानाच होऊ द्या, कारण खऱ्या घरात तो तसाच होतो: हिसका देताना टोक पलंगाच्या कठड्याला लागतं. काचेचा आवाज फार होत नाही. फरशीवर रुपेरी मणी धावतात, आपटले की आणखी बारीक होतात, आणि फरशीच्या सांध्यात जाऊन बसतात. आत पारा एक ग्रॅमच्या आसपासच असतो. एखादा मणी मुलाने गिळला तर विषबाधा होऊन तो दगावला, असं लिहू नका. गिळलेला धातुरूप पारा आतड्यातून जवळजवळ शोषला जात नाही, पोटातून निघून जातो. काचेचा तुकडा गिळला असेल तर ती काळजी मोठी. पाऱ्याचा खरा धोका वाफेचा आहे, जी दिसत नाही, तिला वास नाही, आणि जी सांध्यात राहिलेल्या मण्यांतून हळूहळू खोलीत येत राहते.

म्हणून माणसं काय करतील ते असं. मुलाला दुसऱ्या खोलीत न्यायचं, मधलं दार लावायचं, बाहेरची खिडकी उघडायची आणि पंखा बंद करायचा. केरसुणी अजिबात लावायची नाही, ती मणी फोडून पसरवते आणि स्वतः दूषित होते. व्हॅक्यूम क्लीनर त्याहून वाईट, तो वाफ खोलीभर फेकतो. दोन पोस्टकार्डांनी किंवा जुन्या लग्नपत्रिकांनी मणी एकमेकांकडे ढकलायचे. ते जवळ आले की आपोआप एक होतात. मोठा मणी ड्रॉपरने उचलायचा, बारीक चिकटपट्टीने. दिवे मालवून टॉर्च जमिनीलगत आडवी धरली की राहिलेले मणी लखलखतात. सगळं झाकणाच्या बाटलीत, तळाशी थोडं पाणी घालून ठेवायचं. ही बाटली मोरीत किंवा रोजच्या कचऱ्यात जात नाही. २०१६ च्या घनकचरा नियमांत फुटलेले पाऱ्याचे थर्मामीटर घरगुती घातक कचऱ्यात नावानिशी धरलेले होते, आणि ती वेगळी गोळा करणाऱ्याकडेच द्यायची असते.

या प्रसंगात आजी असतील तर त्यांच्या हाताकडे लक्ष द्या. पारा आणि सोनं एकमेकांना लागले की सोन्यात पारा मुरतो आणि तिथे पांढरा डाग पडतो. पाटली किंवा अंगठी घालून मणी वेचायला बसलेल्या आजींच्या अंगठीला खालच्या बाजूने चांदीसारखा पट्टा उमटेल, आणि तो पुसून जाणार नाही. सोनाराकडे ती नेल्यावर "पारा लागलाय, तापवावी लागेल" असं तो सांगेल. तापवताना पाऱ्याची वाफ निघते, म्हणून हे घरच्या गॅसवर करून पाहायचं नसतं.

शेवटी कथेचा काळ ठरवा, कारण त्यावर आजोबांची बाजू किती हळवी होते ते अवलंबून आहे. पाऱ्याबद्दलचा मिनामाता करार २०१३ मध्ये झाला आणि २०१७ मध्ये लागू झाला. भारताने २०१८ मध्ये त्याला मान्यता दिली. त्या करारात पाऱ्याच्या थर्मामीटरचं उत्पादन आणि आयात-निर्यात २०२० पर्यंत थांबवायचं ठरलं होतं, मागून घेतल्यास आणखी पाच वर्षांची सवलत होती. घरातला जुना वापरायला त्यात मनाई नाही. त्यामुळे १९९८ च्या कथेत काचेचा फुटला तर आजोबा दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या केमिस्टकडून तसाच नवा आणतील आणि सुनेचा डिजिटल ही घरातली नवलाई असेल. आजच्या कथेत त्यांना तसा नवा मिळेलच असं नाही. केमिस्ट त्यांच्यापुढे गॅलिन्स्टानचा, म्हणजे गॅलियम, इंडियम आणि कथील यांच्या मिश्रधातूचा, काचेचा थर्मामीटर ठेवू शकतो. तो दिसायला थेट पाऱ्याचा, पाच मिनिटं ठेवायचा, पण तो धातू काचेला जास्त चिकटतो आणि झटकून उतरवायला पाऱ्याहून जास्त जोर लागतो. संधिवाताच्या मनगटाच्या आजोबांना तो देऊ नका.